अर्न-आउटचे सहा कोटी म्हणजे आज नक्की किती?

भोसरीची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट करतो. आबांनी १९९१ साली एका गाळ्यात दोन लेथवर सुरू केला, आता अकरा सीएनसी आहेत. प्रायव्हेट लिमिटेड आहे. दादा उत्पादन बघतो, मी हिशेब. गेल्या वर्षीची विक्री २४ कोटी, एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, साडेतीन कोटी.

दक्षिणेतल्या एका मोठ्या ग्रुपला आमची कंपनी घ्यायची आहे. त्यांनी दोन पर्याय दिलेत.

पहिला: साडेवीस कोटी एकरकमी, विषय संपला.

दुसरा: आज अठरा कोटी. पहिल्या वर्षी एबिटडा ४ कोटी झाला तर आणखी ३ कोटी. दुसऱ्या वर्षी ४.६ कोटी झाला तर आणखी ३ कोटी. एक रुपया कमी पडला तरी त्या वर्षाचे शून्य. दोन्ही वर्षं एकमेकांपासून वेगळी. या नंतरच्या, अटीवरच्या पैशांना ते अर्न-आउट म्हणतात.

दादा म्हणतो चोवीस मोठे की साडेवीस, यात विचारायचं काय. आबा म्हणतात हातात पडेल ते आपलं. दोघंही माझ्याकडे बघतात, कारण "हिशेब तुझ्याकडे". तर त्या सहा कोटींची आजची किंमत कशी काढायची? अडीच कोटींपेक्षा जास्त निघाली तर दुसरा पर्याय, नाहीतर पहिला, एवढं मला कळतं. पुढचं कळत नाही.

कोथरूडचा_काका

सहा कोटींची किंमत सहा कोटी. मिळाले तर.

पक्का_हिशेबी

सोपं आहे हो. पुढच्या वर्षीचा सरासरी अपेक्षित एबिटडा काढा. तो चारच्या वर असेल तर तीन कोटी धरा, खाली असेल तर शून्य. दुसऱ्या वर्षाचंही तसंच. मग एफडीच्या दराने, म्हणजे सात टक्के धरून, आजची किंमत काढा. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम.

पर्वती_दर्शन

आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे, तिथेही हेच! बिल्डर म्हणतो जादा एफएसआय मंजूर झाला तर प्रत्येकाला ६० चौरस फूट वाढीव. सभेत सगळे त्या ६० फुटांत सोफा कुठे ठेवायचा यावर भांडतात. तुमचा बिल्डर कोण आहे?

भोसरीची_लेक

काका, बिल्डर नाही, कारखाना विकतोय :)

ताळेबंद

पर्वती दर्शन यांचं उदाहरण हसण्यावारी नेऊ नका, जात तीच आहे. न घडलेल्या गोष्टीवर टांगलेले पैसे.

बारा-तेरा वर्षं हेच काम करतो (विकणाऱ्यांकडून आणि घेणाऱ्यांकडूनही), म्हणून आधी हिशेबींचा मुद्दा घेतो. सरासरी नफ्यावरून अर्न-आउट ठरवणं ही या कामातली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. सरासरी ३.९५ आली म्हणून शून्य आणि ४.०५ आली म्हणून पूर्ण तीन कोटी? दहा लाखांच्या फरकाने तीन कोटी इकडचे तिकडे होतील का? करार सरासरीवर पैसे देत नाही. जे वर्ष प्रत्यक्षात घडेल त्यावर देतो. म्हणून आधी कुठली कुठली वर्षं घडू शकतात ते मांडायचं, प्रत्येकात किती पैसे मिळतील ते लिहायचं, आणि मग त्या पैशांची सरासरी काढायची. नफ्याची नाही.

ताई, तीन गोष्टी सांगा. साडेतीनवरून चारवर जाणं नक्की कशावर अवलंबून आहे? पैसे कधी हातात येणार? आणि "एबिटडा" कोण मोजणार, कुठल्या पद्धतीने?

भोसरीची_लेक

धन्यवाद ताळेबंद. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: एक ऑर्डर. जुन्याच ग्राहकाच्या नव्या ट्रॅक्टरसाठी एक नवीन शाफ्ट आहे, सॅम्पल द्यायची आहेत. सॅम्पल पास होऊन ऑर्डर वेळेवर सुरू झाली तर पहिल्या वर्षी ४.३ कोटी होतील असा माझा अंदाज. चार-पाच महिने उशीर झाला तर ३.८. ऑर्डर गेलीच तर ३.२, कारण त्यासाठी घेतलेल्या मशीनवरची माणसं तोवर बसून राहतील. शक्यता विचाराल तर ५०, ३० आणि २० टक्के म्हणेन.

दुसऱ्या वर्षी ४.६ गाठण्याची शक्यता: वेळेवर आली असेल तर ६० टक्के, उशिरा आली तर ४०, गेली तर ५. ही आकडेवारी दादाशी भांडून ठरवली आहे.

व्यवहार १ एप्रिलला होईल. ऑडिट होऊन जुलैमध्ये पैसे, म्हणजे पहिले सव्वा वर्षाने, दुसरे सव्वादोन वर्षांनी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मसुद्यात बघून सांगते.

ताळेबंद

छान, इतकं स्वच्छ कुणी देत नाही. तुमच्या तीन अंदाजांची सरासरी ३.९३ येते. हिशेबींच्या रीतीने पहिल्या वर्षाचे शून्य. पण अर्ध्या वेळा तुम्हाला तीन कोटी मिळणार आहेत, म्हणजे अपेक्षित रक्कम दीड कोटी. सरासरी उद्दिष्टाच्या खाली, तरीही दीड कोटी. फरक इथे आहे.

दुसऱ्या वर्षी तिन्ही वाटा एकत्र करायच्या: ५० चे ६० टक्के म्हणजे ३०, ३० चे ४० टक्के म्हणजे १२, २० चे ५ टक्के म्हणजे १. बेरीज ४३ टक्के. तीन कोटींच्या ४३ टक्के म्हणजे १.२९ कोटी. दोन्ही मिळून २.७९ कोटी, पण हे पुढचे पैसे आहेत, आजचे नाहीत.

आज आणताना मी १६ टक्के दर घेईन. दीड कोटींचे १.२५ होतात, १.२९ चे ०.९२. एकूण २.१७ कोटी. म्हणजे दुसरा पर्याय आज २०.१७ कोटींचा, पहिला साडेवीसचा.

उलट बाजूनेही बघा. या दराने दुसरा पर्याय साडेवीसच्या बरोबरीला यायचा तर दोन्ही वर्षी उद्दिष्ट गाठण्याची शक्यता सरासरी ५४ टक्के हवी. दादाला "चोवीस मोठे की साडेवीस" असं विचारू नका. दोन्ही वर्षांवर नाणेफेकीपेक्षा बरी पैज लावशील का, असं विचारा.

पक्का_हिशेबी

सरासरीचं मान्य, चूक झाली. पण १६ टक्के कुठून काढले? शक्यता घेऊन धोका आधीच वजा केलात ना? ५० टक्के धरलं म्हणजे न मिळण्याचा धोका आलाच. आता फक्त काळाची किंमत उरते. सात टक्क्यांनी काढलं तर १.३८ आणि १.११, एकूण २.४९ कोटी. अडीचला टेकले! म्हणजे दोन्ही पर्याय सारखेच, आणि ताई उगाच घाबरतायत.

ताळेबंद

यात तुम्ही अर्धे बरोबर आहात, आणि तो अर्धा महत्त्वाचा आहे. मी असे अहवाल पाहिलेत की आधी भीतीपोटी शक्यता खाली ओढतात, म्हणजे मनात ५० असताना ३५ लिहितात, आणि वर २२ टक्के दर लावतात. एकाच धोक्याचे पैसे दोनदा कापलेले. ते चूकच.

पण ५० टक्के ही प्रामाणिक शक्यता असेल तर तिने फक्त सरासरी मिळते. खात्रीचे दीड कोटी आणि नाणं उडवून शून्य किंवा तीन कोटी, यांची किंमत बाजारात सारखी नसते. त्यातून ही ऑर्डर ट्रॅक्टरच्या बाजाराशी बांधलेली. पाऊस रुसला, ट्रॅक्टर खपले नाहीत, की तुमचा अर्न-आउट बुडतो आणि त्याच वेळी बाकी सगळंही मंद असतं. अशा पैशांवर घेणारा जास्त परतावा मागतो. शिवाय घेणाऱ्या ग्रुपने दोन वर्षांनी पैसे न देण्याचा वेगळा धोका आहे, कारण तुमच्या हातात तोवर नुसता करार असेल. एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात, पैसे ठेवले तर हा भाग बराच कमी होतो.

१६ हा माझा अंदाज आहे, वेदवाक्य नाही. सात नक्की कमी. "मिळालं तर सगळं, नाहीतर काही नाही" अशा रचनेला सोळाही कदाचित कमी पडेल, कारण ती नफ्यापेक्षा जास्त जोरात हेलकावते.

घंटागाडी

मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा अर्न-आउट म्हणजे "प्रमोशन झालं की बघू".

वक्ररेषा

ताळेबंद, आदर ठेवून असहमत. तीन ठोकळे मांडून शक्यता कशी येईल? ऑर्डर वेळेवर आली तर बरोब्बर ४.३ होणार का? पोलादाचा भाव हलला, एक स्पिंडल गेलं, की ३.९५ होतील. ३.८ च्या वाटेतही नशिबाने ४.०२ होऊ शकतात. उंबरठा असलेल्या रकमेला ऑप्शनसारखंच मोजलं पाहिजे. मध्य ३.९३, वर्षाची अस्थिरता २५ टक्के धरली की चारच्या वर जाण्याची शक्यता अशी:

```
=1-NORM.DIST(LN(4/3.93),-0.03125,0.25,TRUE)
```

४२ टक्के येतात, ५० नाही. आणि बाजाराचा धोका काढायला मध्य आणखी खाली सरकवायचा, मग दर फक्त घेणाऱ्याच्या पतीचा लावायचा. किंमत अजून उतरेल. तो १६ की ७ हा वादच राहत नाही, कारण धोका दरात नाही, शक्यतेत घातलेला असतो.

ताळेबंद

रीत रास्त आहे. नफ्याच्या उंबरठ्याला मोठे मूल्यांकनकारही हल्ली ऑप्शनच्याच अंगाने जातात. माझी तक्रार वक्ररेषेच्या आकाराबद्दल आहे. तुमची रेषा ३.९३ च्या आसपास फुगलेली आहे. ताईंच्या कारखान्यात ३.९३ च्या आसपास फारसं काही नाहीच! एक टेकडी ४.३ ला, दुसरी ३.८ ला, मध्ये दरी. ऑर्डर हो किंवा नाही असते, ती २५ टक्के अस्थिरतेने हलत नाही. आणि २५ टक्के तरी तुम्ही कुठून आणलेत? नोंद असलेल्या मोठ्या कंपन्यांवरून ना? एकाच ग्राहकावर जगणाऱ्या कारखान्याला तो आकडा कसा लावणार?

पण तुमचा पहिला मुद्दा शंभर टक्के खरा. प्रत्येक टेकडीला पसारा असतो. वेळेवरच्या वाटेत शंभरात ८५ वेळा चार पार होईल म्हणू, उशिराच्या वाटेत २० वेळा. ५० चे ८५ टक्के साडेबेचाळीस, ३० चे २० टक्के सहा. साडेअठ्ठेचाळीस. इथे दोन्ही बाजूंची चूक जवळपास कटली, म्हणून मी ५० वर राहिलो. उशिराचा अंदाज ३.८ ऐवजी ३.९७ असता तर तीन ठोकळ्यांनी घात केला असता.

वक्ररेषा

दोन टेकड्या मान्य. पण मग प्रत्येक टेकडीचा मध्य वेगळा खाली सरकवा. दरात धोका घालणं मला अजूनही पटत नाही.

ताळेबंद

नका पटवून घेऊ. आपण दोघं एकाच टेबलावर घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या बाजूने बसलो तर आपली फी निघेल.

बाणेर_फाटा

हा धागा मला पाच वर्षांपूर्वी हवा होता.

आमची सतरा जणांची सॉफ्टवेअर कंपनी होती. आम्हीही अर्न-आउट घेतला. शक्यता वगैरे काढली नव्हती, पण काढली असती तरी उपयोग नव्हता. पहिल्या वर्षी आम्ही उद्दिष्ट गाठलं. म्हणजे आमच्या मते गाठलं. ताळेबंद आला तेव्हा त्यात एक ओळ होती, "समूह सेवा शुल्क". मुख्यालयाचं एचआर, कायदा विभाग, त्यांच्या सॉफ्टवेअरचे परवाने, यातला आमचा वाटा. आम्ही त्यातलं काही मागितलं नव्हतं. ती ओळ काढली तर आम्ही उद्दिष्टाच्या वर, ठेवली तर खाली. करारात लिहिलं होतं की नफा "समूहाच्या लेखा धोरणानुसार" मोजला जाईल. सही करताना मला ते वाक्य निव्वळ शोभेचं वाटलं होतं. वकिलाकडे गेलो. त्यांनी तेच वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि चहा मागवला.

दुसऱ्या वर्षी आमचा सगळ्यात चांगला विक्रेता त्यांच्या दुसऱ्या कंपनीत गेला. पुढचं सांगत नाही.

भोसरीची_लेक

बाणेर फाटा, तुमचं वाचलं आणि जेवण टाकून मसुदा उघडला. पान १४. "समूहाच्या लेखा धोरणानुसार, मुख्यालयीन खर्चाच्या वाजवी वाटपानंतर."

त्यांच्या माणसाला फोन करून सरळ विचारलं की बाकीच्या कंपन्यांना हे वाटप किती लावता. म्हणाला, विक्रीच्या दीड टक्के. सहज म्हणाला.

ऑर्डर वेळेवर आली तर आमची विक्री २६ कोटींच्या आसपास जाईल. दीड टक्के म्हणजे ३९ लाख. ४.३० मधून गेले की ३.९१.

कोथरूडचा_काका

बाई गं.

ताळेबंद

हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा. दराच्या वादात आपण सातवरून सोळावर गेलो तेव्हा ३२ लाख हलले. या एका ओळीने तुमची सगळ्यात चांगली वाटच उंबरठ्याखाली गेली. पहिल्या वर्षाची शक्यता ५० वरून विशीत येईल, म्हणजे आजच्या किमतीतले साठ-सत्तर लाख गेले. शक्यता धंद्यात असते त्याहून जास्त व्याख्येत असते.

मागायचं ते इतकंच: एबिटडा गेल्या वर्षीच्या ताळेबंदाच्याच पद्धतीने मोजायचा, मुख्यालयाचा कुठलाही खर्च त्यात नाही, आणि तुम्ही मागवलेल्या सेवेचा असेल तर बाजारभावाने. सोबत एक नमुना आकडेमोड परिशिष्ट म्हणून जोडून घ्या, गेल्या वर्षीच्या आकड्यांवर. शब्दांवर भांडता येतं, जोडलेल्या तक्त्यावर जरा कमी.

खरेदीच्या_बाजूचा

इतका वेळ गप्प होतो. मी अशाच एका ग्रुपच्या वित्त विभागात आहे (तुमच्या नाही, काळजी नसावी). आम्ही सगळे दरोडेखोर नसतो. वाटप सगळ्याच कंपन्यांना लागतं, मसुदा साच्यातून येतो, आणि विकणाऱ्याने विचारलं तर नव्वद टक्के वेळा काढून टाकतो. विचारतच नाहीत लोक.

दोन गोष्टी सांगतो. एक, तुमच्या अर्न-आउटची किंमत आम्हालाही काढावी लागते. इंड एएस १०३ या लेखा मानकाप्रमाणे खरेदीच्या दिवशीच त्याचं रास्त मूल्य देणं म्हणून ताळेबंदात बसवावं लागतं, आणि पुढे बदललं की फरक नफा-तोट्यात जातो. गंमत अशी की तुम्ही चांगलं काम केलं की आमचं देणं वाढतं आणि त्या तिमाहीत आम्हाला तोटा दिसतो. तुम्ही हुकलात की नफा. मी यावर बोर्डाला तीनदा समजावलंय. तर आमच्याकडे तुमच्या शक्यतांचा एक तक्ता नक्की आहे. दाखवणार नाहीत, पण आहे.

दुसरं, तुमची दुसरी शेड भाड्याची आहे का? तुमच्या हिशेबात भाडं एबिटडातून जातं. आमच्या पद्धतीत इंड एएस ११६ मुळे लांब मुदतीचं भाडं घसारा आणि व्याजात जातं, म्हणजे तेवढा एबिटडा वाढतो. चार कोटींचं उद्दिष्ट कुठल्या पद्धतीच्या आकड्यावरून ठरवलं ते विचारा. कधी हे तुमच्या बाजूनेही असतं.

भोसरीची_लेक

आहे, महिना दीड लाख. वर्षाचे १८. हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारते.

सीए_तळेगाव

एक-दोन गोष्टी राहिल्यात. दादाने दोन वर्षं नोकरीत राहायचं अशी अट आहे का? आणि तो मध्येच गेला तर अर्न-आउट बुडतो का? तसं असेल तर घेणाऱ्याच्या पुस्तकात तो खरेदीचा मोबदला राहत नाही, दादाचा पगार ठरतो. प्राप्तिकर खातंही तसंच म्हणू शकतं. भांडवली नफा की पगार, करात फार मोठी तफावत पडते. तुमचा २.१७ चा आकडा करापूर्वीचा आहे हे विसरू नका.

दुसरं, अर्न-आउटवर कर कधी? मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली एका प्रकरणात म्हटलं की जी रक्कम मिळेलच असं ठरलेलं नाही ती हस्तांतराच्या वर्षात करपात्र धरता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पुढे ढकललेल्या मोबदल्याबाबत वेगळी भूमिका घेतली होती. आपण पुण्यात असल्याने मुंबईचा निकाल जवळचा, पण करारातली शब्दरचना बघितल्याशिवाय मी सही करणार नाही.

तिकडचा_पुणेकर

घेणारा परदेशी असेल तर? माझ्या मेव्हण्याचं असंच चाललंय.

सीए_तळेगाव

मग फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमात उशिराचा मोबदला एकूण रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच आणि करारापासून १८ महिन्यांच्या आत. ताईंचे २४ पैकी ६ बरोब्बर २५ टक्के आहेत, पण दुसरा हप्ता सव्वादोन वर्षांनी, तो चाललाच नसता. मेव्हण्यांना वेळेत सांगा.

पर्वती_दर्शन

सगळं वाचलं. आमच्या करारातही "मंजूर झाल्यास" कोण ठरवणार ते लिहिलेलं नाही. उद्याच्या सभेत विचारतो. सोफ्याची मापं आधीच घेऊन झालीत.

चाकण_नाईट_शिफ्ट

मी क्वालिटीत आहे, पैशातलं कळत नाही. पण ताई, ऑर्डर वेळेवर येण्याचे ५० टक्के तुम्ही कुठून आणले? शाफ्ट कार्बुरायझिंग करून आला की वाकतो. सॅम्पल पहिल्या फेरीत पास होणं हा काही भांडून ठरवायचा आकडा नाही. तुमच्या आधीच्या नवीन पार्टच्या पीपॅपच्या, म्हणजे ग्राहकाच्या सॅम्पल मंजुरीच्या, फाइल असतील ना? त्यात पहिल्या फेरीत किती पास झाले ते मोजा.

वक्ररेषा

+१. आम्ही दोघं दशांशावर भांडत होतो आणि मुळातला आकडा कुणी विचारलाच नाही.

भोसरीची_लेक

चार दिवसांनी येतेय, क्षमस्व. काल गुरुवार, कारखाना बंद, म्हणून निवांत फाइल काढल्या.

आधी त्यांच्याकडची बातमी. मुख्यालयाचा खर्च काढायला तयार झाले, एका फोनवर. खरेदीच्या बाजूचे, तुमचं खरं निघालं. परिशिष्टही जोडतील. भाड्याचं म्हणाल तर उद्दिष्ट आमच्याच पद्धतीने ठरवलेलं आहे, तिथे काही नाही. दादावर नोकरीची अट आहे, पण तो गेला तरी अर्न-आउट राहील असं लिहून देतायत. सीएंना मसुदा पाठवलाय.

साडेतीन ते चारच्या मध्ये प्रमाणात पैसे द्या असं मागितलं होतं, ते नाही म्हणाले. त्याऐवजी पहिल्या वर्षी पावणेचार झाले तर दीड कोटी, चार झाले तर तीन, असं देतायत. दादा खूश झाला, म्हणाला उशीर झाला तरी ३.८ होतात, म्हणजे दीड कोटी पक्के.

आता फाइल. गेल्या काही वर्षांत आम्ही आठ नवीन पार्ट घेतले. तीन पहिल्या फेरीत पास. चार दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, सगळ्यांना तीन ते सहा महिने उशीर. एक गेला. मी ५०-३०-२० म्हणत होते, आणि फाइल साडेसदतीस, पन्नास, साडेबारा म्हणते.

ताळेबंद

चाकणकरांना चहा माझ्याकडून.

नव्या आकड्यांनी पहिल्या वर्षाचे दीड कोटी सव्वा कोटीच्याही खाली, १.१२ वर येतात. दुसरं वर्ष मात्र पुन्हा ४३ टक्केच येतं, कारण गेलेल्या ऑर्डरी कमी झाल्या आणि उशिराच्या वाढल्या. १६ टक्क्यांनी आजची किंमत १.८६ कोटी.

पावणेचारची पायरी दादा म्हणतो तशी पक्की नाही. ३.८ चा अंदाज ३.७५ पासून फक्त पाच लाखांवर आहे, तो नव्या उंबरठ्यावरच उभा आहे. निम्म्याहून थोडं जास्त, ५५ टक्के धरू. उशिराच्या ५० टक्क्यांवर दीड कोटींचे ५५ टक्के म्हणजे ४१ लाख, आजचे ३४. मिळून दुसरा पर्याय २०.२० कोटी. साडेवीसपेक्षा अजून तीस लाख मागे.

आता मागायचंच असेल तर एकच मागा: दोन वर्षांची बेरीज ८.६ झाली तर पहिल्या वर्षाचं राहिलेलं परत मिळावं. तुमचा मुख्य धोका ऑर्डर जाण्याचा नाही, उशिराचा आहे, आणि ही अट नेमकी उशिराला औषध आहे. पहिल्या वर्षी ३.८ झाले तर दुसऱ्या वर्षी ४.८ लागतील, त्यामुळे तिची किंमत तीस लाख होईलच असं मी म्हणणार नाही.

पक्का_हिशेबी

आणि सात टक्क्यांनी?

ताळेबंद

हिशेबी, झोपा आता.

वक्ररेषा

आठ पार्टवरून काढलेल्या साडेसदतीस टक्क्यांवर मी घर गहाण टाकणार नाही. आठात तीन म्हणजे खरी शक्यता पंधरापासून साठ-पासष्टपर्यंत कुठेही असू शकते.

चाकण_नाईट_शिफ्ट

बरोबर, पण शून्य फाइलवरून काढलेल्या ५० पेक्षा बरी.

भोसरीची_लेक

बेरजेची अट उद्या मागते.

घरी मात्र वेगळंच सुरू झालंय. दादा म्हणतो नापास झालेल्या चारांपैकी दोन जुन्या हीट ट्रीटमेंटवाल्याच्या काळातले आहेत, तो आम्ही बदलला, ते मोजू नकोस. ते दोन काढले तर सहात तीन, पुन्हा पन्नास. आबा इतका वेळ पेपर वाचत होते. म्हणाले, पास झालेल्या तिघांपैकी एक पण त्याच्याच भट्टीतला होता, तो पण काढ.

पाचात दोन. मी परत एक्सेल उघडलंय.